गाडी यायला अजून किती वेळ? घड्याळ शिकणाऱ्या पोरीची गोष्ट कशी लिहावी

दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी घड्याळावरची गोष्ट लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा एकच वाट धरतो. आजोबा समजावून सांगतात, नातू ऐकतो, शेवटी नातवाला घड्याळ कळतं आणि सगळे हसतात. अशा गोष्टीत घड्याळ भिंतीवरच राहतं. वाचणाऱ्या मुलाला ते पुढच्या वेळीही तसंच अडतं, कारण ते नेमकं कुठं अडतं हे गोष्टीला ठाऊकच नसतं.

म्हणून पात्रं, गाव, पाऊस सगळं नंतर. आधी चूक निवडायची. मूल घड्याळ वाचताना कोणती चूक करतं ती एक, फक्त एक, आणि तिच्याभोवती गोष्ट. गाडीची वाट बघणं त्यासाठी चांगलं, कारण चूक झाली की लगेच काहीतरी बिघडतं: गाडी चुकली असं वाटतं, किंवा उगाच तासभर बसावं लागेल असं वाटतं.

चूक निवडणं

मोठा काटा मुलांना लवकर येतो. पाचाचा पाढा पाठ असला की ‘नऊवर आहे म्हणजे पंचेचाळीस’ हे जमतं. अडतं ते लहान काट्यापाशी. पावणेचार वाजलेले असताना लहान काटा चारच्या इतका जवळ असतो की मूल ‘चार’ म्हणतं, मोठ्या काट्याचे पंचेचाळीस त्याला जोडतं आणि ‘चार पंचेचाळीस’ सांगतं. पुरता एक तास पुढं. ही चूक आळसातून होत नाही, डोळ्यांना खरंच तसं दिसतं म्हणून होते. लहान काटा एका तासात ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. ३:४५ ला चारच्या रेघेपासून तो फक्त साडेसात अंश मागं असतो. मनगटी घड्याळात लहान काटा आठ मिलिमीटर लांब धरला तर त्याच्या टोकात आणि चारच्या रेघेत जेमतेम एक मिलिमीटर फट उरते. भिंतीवरच्या घड्याळात काटा दहा सेंटिमीटरचा असेल तर तीच फट तेरा मिलिमीटर होते आणि चूक बरीच कमी होते.

यावरून एक गोष्ट ठरून जाते. आपल्या गोष्टीत मनगटी घड्याळ हवं. एचएमटीनं बेंगळुरात १९६१ पासून बनवलेली किल्लीची घड्याळं या भागातल्या कितीतरी घरांत अजून निघतील, आजोबांच्या हातावर तसं एक असू द्या. फक्त त्याच्या तबकडीवर बाराही आकडे लिहा. त्यातल्या बऱ्याच घड्याळांवर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात, आणि मग मूल रेघा मोजण्यात अडकतं, आपली चूक बाजूला राहते. स्टेशनावरचं लाल आकड्यांचं घड्याळही गोष्टीत येऊ देऊ नका. ते एकदा दिसलं की पोरगी ते वाचून मोकळी होते आणि गोष्ट दुसऱ्याच ओळीला संपते.

आजोबांचं घड्याळ बरोबर चालणारं हवं. जुनं घड्याळ मागं पडतं हा मोह मोठा असतो, गंमतही वाटते, पण मग चूक पोरीची की घड्याळाची हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि सगळा हिशोब सैल पडतो. सकाळी किल्ली देताना त्यांनी वेळ जुळवून घेतली, असं एक वाक्य सुरुवातीला टाकलं की भागतं.

वेळा ठरवणं

कथानक लिहिण्याआधी कागदावर वेळा मांडा. आपली जागा खानापूर स्टेशन, मिरजेकडून बेळगाववरून येणारी पॅसेंजर, तिच्यातून आत्ती उतरणार. खऱ्या गाडीचा नंबर आणि खरी वेळ देऊ नका. वेळापत्रक बदलतं आणि दोन वर्षांनी एखादी चौकस पोरगी ‘ही गाडी तर सकाळची आहे’ म्हणून गोष्टच बाद करते. स्टेशनांचा क्रम मात्र खरा हवा: बेळगाव, मग देसूर, इदलहोंड, खानापूर, पुढं गुंजी आणि लोंढा. गाडी बेळगावकडून येते आहे आणि पोरगी गुंजीच्या बाजूला बघत उभी आहे, असं लिहिलं तर खानापूर तालुक्यातला प्रत्येक वाचक तिथंच थांबेल.

गाडीची वेळ चार पंचवीस. पहिल्यांदा घड्याळ बघण्याची वेळ पावणेचार. आता चुकीचा आणि खरा, दोन्ही हिशोब करून बघायचे. पोरीनं ‘चार पंचेचाळीस’ वाचलं तर तिच्या लेखी गाडी वीस मिनिटांपूर्वीच गेली. खरं बघता चाळीस मिनिटं बाकी आहेत. दोन्ही उत्तरं वेगळी आली पाहिजेत. समजा तुम्ही गाडी चार वीसची केली आणि घड्याळात तीन पन्नास दाखवले, तर चुकीच्या वाचनात गाडी जाऊन तीस मिनिटं झाली आणि खऱ्या वाचनात यायला तीस मिनिटं आहेत. दोन्हीकडं तीसच! मूल गोंधळतं आणि गोंधळ नेमका कशाचा हे तुम्हालाही सांगता येत नाही. अशी जोडी चुकून फार सहज निवडली जाते.

पुढं गोष्टीतला वेळही चालत असतो, आणि नवे लेखक हमखास घसरतात ते इथं. पोरगी पावणेचारला घड्याळ बघते, रडकुंडीला येते, फलाटाच्या टोकाला चहावाल्याकडं धावते, गर्दीत थांबून वेळ विचारते, परत येते, वाद घालते आणि मग म्हणते ‘अजून चाळीस मिनिटं!’ तोवर घड्याळात तीन पन्नास झालेले असतात. उत्तर पस्तीस यायला हवं. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या बाजूला समासात घड्याळाची वेळ आणि उरलेली मिनिटं लिहून ठेवा:

३:४५, पहिलं (चुकीचं) वाचन, उरली ४०
३:५०, चूक कळते, मोजणी, उरली ३५
४:००, दोन्ही काटे आकड्यांवर येतात, उरली २५
४:१५, घोषणा: गाडी दहा मिनिटं उशिरा, उरली १० अधिक १०, म्हणजे २०
४:३५, गाडी

चार वाजताचा टप्पा सोडू नका. मोठा काटा बारावर पोचतो त्याच क्षणी लहान काटा चारच्या रेघेवर येऊन बसतो. पोरीनं मघाशी जे ताडलं त्याचा पुरावा तिला कुणी न सांगता दिसतो. गोष्टीतला सगळ्यात भारी प्रसंग हाच, आणि तो घड्याळ स्वतःच घडवून देतं.

उशीर ठेवायचा की नाही ही तुमची मर्जी. ठेवलात तर गाडी पाच वाजायच्या आत आणा. गाडी पाच पाचला आली तर पुन्हा एकदा तास ओलांडावा लागतो आणि छोट्या गोष्टीला दोनदा ओलांडणं झेपत नाही. आणखी एक जपायचं. चार वीस ते चार पंचवीसच्या आसपास पोरीला घड्याळ वाचायला लावू नका. चार बावीसच्या सुमारास दोन्ही काटे एकमेकांवर येतात, कोणता लहान नि कोणता मोठा हेच ओळखू येत नाही.

रेल्वेची वेळ चोवीस तासांच्या हिशोबात असते, घोषणेतही सोळा वाजून पंचवीस असंच येतं. मुलं त्यातला एक गाळून ‘सहा पंचवीस’ म्हणतात. तीही छान चूक आहे, पण ती दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. इथं आत्तीनंच फोनवर ‘चार पंचवीसला पोचते’ म्हणून सांगितलेलं असू द्या, आणि उशिराच्या घोषणेतलं ‘दहा मिनिटं’ एवढंच पोरीच्या कानावर येऊ द्या.

सीमाभागातली किल्ली

पोरीला चूक कळावी कशी? आजोबांनी सांगून नको. इथं बेळगाव-खानापूरच्या लेखकाला एक आयतं साधन मिळतं, ते पुण्याच्या लेखकाला मिळत नाही. मराठीत ३:४५ ला आपण पावणेचार म्हणतो, म्हणजे अजून न वाजलेल्या चाराचं नाव घेतो. ‘चारला दहा कमी’ म्हणतानाही तेच. मुलाच्या कानावर चार पडतो आणि डोळ्यांनाही चारच दिसतो, मग ते चार वाजले असं म्हणणारच. कानडीत त्याच वेळेला ‘मूरूमुक्कालु’ म्हणतात: मूरू म्हणजे तीन, मुक्कालु म्हणजे पाऊण. होऊन गेलेल्या तिनाचं नाव. या भागातल्या पोरांना बाजारापुरती कानडी येतेच. एकाच घड्याळाला एक माणूस चार म्हणतो आणि दुसरा तीन, हे पोरीच्या कानावर पडलं की ती स्वतःच काट्याकडं परत बघते.

याचं भाषेवरचं प्रवचन करू नका. चहावाल्याच्या तोंडी एक शब्द पुरे. ‘मूरू’चा अर्थ पोरीच्या मनात येऊन जाऊ द्या, म्हणजे कानडी न येणाऱ्या सांगली-कोल्हापूरच्या मुलालाही कळेल.

मधला प्रसंग लिहून बघू

गोष्टीचा कणा असलेला प्रसंग असा होऊ शकतो. बोली थोडीच ठेवली आहे. संवादात ‘की ओ’, ‘अलीकडं’, ‘हाय’ एवढं आलं तरी गाव कळतं, निवेदन मात्र शाळेच्या पुस्तकातल्या मराठीच्या जवळ राहू द्यावं, कारण मूल अजून अक्षरं जुळवून वाचत असतं.

> आज्जानं मनगट पुढं केलं. “किती वाजले बघ.”
>
> सुमीनं लहान काटा बघितला. चारवर. मोठा काटा बघितला. नऊवर. पाच नव्वे पंचेचाळीस.
>
> “चार पंचेचाळीस.”
>
> “आणि आत्ती कितीला येणार?”
>
> “चार पंचवीसला.” सुमीचा चेहरा उतरला. “आज्जा, गाडी गेली की ओ!”
>
> आज्जा काही बोलला नाही. त्यानं छत्री मिटून बाकाला टेकवली.
>
> सुमी फलाटाच्या टोकापर्यंत पळाली. चहाच्या गाड्यापाशी चार माणसं होती. ती माणसं जाईपर्यंत सुमी थांबली.
>
> “मामा, किती वाजले?”
>
> चहावाल्यानं मागच्या घड्याळाकडं मान वळवली. “मूरूमुक्कालु झालं की.”
>
> मूरू? मूरू म्हणजे तीन. सुमी तशीच परत आली.
>
> “तो तीन म्हणतोय. तुमचं घड्याळ चार म्हणतंय.”
>
> “माझं घड्याळ कुठं चार म्हणतंय? नीट बघ. लहान काटा चारवर हाय, का चारच्या अलीकडं?”
>
> सुमीनं आज्जाचा हात दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ आणला. काट्याच्या टोकात आणि चारच्या रेघेत सुतभर पांढरं दिसत होतं.
>
> “अलीकडं.”
>
> “मग चार वाजले?”
>
> “नाही. अजून तीनच हाईत.”
>
> मोठा काटा आता दहावर आला होता. सुमीनं काचेवर बोट ठेवलं. दहावरून अकरा, पाच. अकरावरून बारा, दहा. “इथं चार वाजणार,” ती म्हणाली. बोट पुढं सरकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. “आणि इथं आत्ती. पंचवीस.”
>
> “सगळे मिळून?”
>
> “दहा आणि पंचवीस. पस्तीस मिनिटं.”
>
> “मग बस जरा. चहा सांगू का दूध?”

यात आजोबा शिकवत नाही. त्याच्या वाट्याला कामाचा एकच प्रश्न आहे: ‘चारवर, का चारच्या अलीकडं?’ तुमच्या पहिल्या खर्ड्यात आजोबा सलग तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत असेल तर तिथं खूण करा आणि त्याचं अर्धं बोलणं पोरीच्या हाताला द्या. बोट सरकणं, हात डोळ्यांजवळ आणणं, रेघ शोधणं. वाचणारं मूल तेच घरच्या घड्याळावर करून बघणार आहे.

बारावर थांबण्याला कारण आहे. मुलांना शाळेत उभी वजाबाकी आलेली असते, मग ती ४२५ मधून ३५० वजा करून ‘पंचाहत्तर मिनिटं’ सांगतात. तासात साठ मिनिटं असतात, शंभर नसतात, हे त्या वजाबाकीला माहीत नसतं. म्हणून गोष्टीत पाटी-पेन्सिल आणू नये. आधी पुढच्या पूर्ण तासापर्यंत मोजायचं, मग तिथून गाडीपर्यंत, मग दोन्ही मिळवायचे. तबकडीवर बोट फिरवलं की ही पद्धत आपोआप घडते, साठाचं नावही काढावं लागत नाही. सगळ्या वेळा पाचाच्या पटीत ठेवल्या आहेत त्याही याचसाठी. गाडी चार तेवीसची केली की बोट आकड्यांच्या मधल्या बारीक रेघांत शिरतं आणि मूल मोजताना चुकतं.

उरलेल्या गोष्टीला फारसं काही लागत नाही. सुरुवातीला छत्री, फलाट, कोण येणार ते, किल्ली दिलेलं घड्याळ, सगळं मिळून शंभर-सव्वाशे शब्द. नंतर चारचा क्षण, उशिराची घोषणा, गाडी. एकूण सातशे ते आठशे शब्दांच्या पुढं जाऊ नका. घोषणेनंतरचा हिशोब पोरीनं एका ओळीत करावा. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला लावलं तर रटाळ होतं. ‘दहा होते, त्यात दहा’ एवढं बास.

चित्रं

चित्रकाराला ‘पावणेचार वाजलेलं घड्याळ’ एवढंच सांगून सोडू नका. बरेच चित्रकार लहान काटा बरोबर तीनवर किंवा बरोबर चारवर ठोकतात आणि मोठा नऊवर. असं घड्याळ जगात चालत नाही, आणि गोष्ट ज्या सुतभर फटीवर उभी आहे ती फटच चित्रातून गायब होते. अंश लिहून द्या. बारापासून उजवीकडं मोजायचे: ३:४५ ला लहान काटा ११२.५, मोठा २७०. ३:५० ला लहान ११५, मोठा ३००. ४:०० ला लहान १२०, मोठा शून्यावर. फटीचं चित्र मोठं हवं, अर्धं पान दिलं तरी चालेल, आणि त्यात लहान काटा टोकदार काढायला सांगा. बोथट टोकाच्या काट्यात साडेसात अंश दिसतच नाहीत.

तपासणी

खर्डा झाला की सात-आठ वर्षांच्या तीन-चार मुलांना वाचून दाखवा, पण समोर पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवू नका. पुठ्ठ्याच्या घड्याळात दोन्ही काटे सुटे फिरतात. मोठा नऊवर नेला तरी लहान तीनवरच राहतो, आणि तुमची गोष्ट खोटी ठरते. एखादं जुनं भिंतीचं घड्याळ घ्या, सेल काढा, मागचं वेळ लावायचं चाक फिरवा. दोन्ही काटे एकमेकांच्या प्रमाणात सरकतात. सेल राहिला तर तुम्ही प्रश्न विचारत असतानाच काटा पुढं जातो.

गोष्ट संपल्यावर घड्याळ पावणेसातवर लावा आणि नुसतं विचारा, ‘किती वाजले?’ पावणेचार पुन्हा लावू नका, ते उत्तर मुलांना गोष्टीतून पाठ झालेलं असतं. ‘सहा पंचेचाळीस’ किंवा ‘पावणेसात’ आलं तर ठीक. ‘सात पंचेचाळीस’ आलं तर गोष्टीतला फटीचा परिच्छेद मुलाच्या हाती लागलेला नाही. बहुधा तो फार लवकर संपला असेल, किंवा त्याच वेळी पाऊस, चहा आणि आत्तीची आठवण अशा तीन गोष्टी एकदम आल्या असतील. त्या तिन्ही काढा आणि पुन्हा वाचून दाखवा, पण दुसऱ्या मुलांना. मग पावणेसाताला लागून विचारा: गाडी सव्वासातला आहे, किती वेळ आहे? इथं ‘सत्तर’ उत्तर आलं तर मुलानं मनातल्या मनात ७१५ मधून ६४५ वजा केले आहेत. अशा वेळी बोट बारावर टेकतं ते वाक्य गोष्टीत आणखी ठळक करा. सुमीला तिथं क्षणभर थांबू द्या, ‘इथं चार वाजणार’ हे तिला मोठ्यानं म्हणू द्या, आणि मगच पुढचे पंचवीस मोजायला लावा.